बिल एक, ओळी वेगवेगळ्या खात्यांच्या

बिलांमधून काढलेला डेटा एकूण रकमेवर नाही, ओळीनुसार वर्गीकृत करा. समजा, एकाच बिलात छपाई यंत्र ९०,०००, वाहतूक व बसवणी ६,००० आणि वर्षभराची देखभाल १२,००० आहे. पहिल्या दोन ओळी मिळून ९६,००० ही मालमत्तेची किंमत. देखभाल मात्र खर्चच, तोही १२ महिन्यांत विभागून. बसवणीची ओळ हमखास चुकून खर्चात जाते, कारण वर्णनात नुसतं ‘सर्व्हिस चार्ज’ असतं. तिथे मूळ बिल उघडाच. यंत्राचं आयुष्य ५ वर्षं आणि त्याअखेर उरणारी किंमत ६,००० धरली, तर सरळ रेषा पद्धतीने घसारा महिन्याला १,५००. घसाऱ्याच्या तक्त्यात सुरुवातीची तारीख बिलाची नको. यंत्र ज्या दिवशी वापरायला तयार झालं, ती टाका.