जीएसटी नंबर नवीन मिळालाय? बिलातला टॅक्स कसा काढायचा आणि हिशोब कसा ठेवायचा

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, पंखे, वायर, स्विच, बोर्ड असला माल, आणि माझ्या जवळपास सगळ्या मालावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमचा रेट ५ असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील. तुम्ही कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तुम्हाला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेताच येत नाही, तुम्ही टॅक्स इन्व्हॉइस न देता बिल ऑफ सप्लाय द्यायचं.

आधी बिल बुक छापून घ्या किंवा साधं सॉफ्टवेअर घ्या. तुमचं नाव-पत्ता-जीएसटी नंबर, तारीख, मालाचं वर्णन, नग, टॅक्सेबल किंमत, रेट, टॅक्सची रक्कम आणि सही, एवढं लागतंच. समोरचा नोंदणीकृत असेल तर त्याचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर आणि एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला नंबर पण, ५ कोटींच्या आतल्या उलाढालीला चार आकडी कोड चालतो. समोरच्याने तोंडी सांगितलेला जीएसटी नंबर लिहू नका, पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा, एक अक्षर चुकलं तर त्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट, मिळत नाही आणि तो दोन महिन्यांनी तुमच्या दारात भांडायला येतो.

बिल नंबर ओळीने, १६ अक्षरांच्या आत, एका आर्थिक वर्षात तोच नंबर परत नाही. बिल रद्द झालं तर फाडून टाकू नका, दोन्ही प्रती तिथेच स्टेपल करा, कारण जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं दिली आणि त्यातली रद्द किती हे भरावं लागतं. २०० रुपयांच्या आतल्या किरकोळ गिऱ्हाइकाने बिल मागितलं नाही तर वेगळं बिल नको, त्या सगळ्यांचं दिवसाअखेर एकच बिल करायचं.

आता मुख्य गोष्ट, जिथं मी स्वतः पहिले तीन महिने चुकत होतो आणि जिथं सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. दुकानात भाव टॅक्ससकट ठरतो. गिऱ्हाईक "पंखा केवढ्याला" विचारतं, आपण २,३६० म्हणतो, त्याला टॅक्स वेगळा सांगायला गेलो तर ते शेजारच्या दुकानात जाणार. मग या २,३६० मधला टॅक्स किती? मला एका ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं, सरळ १८ टक्के काढ. मी काढले, ४२४ रुपये ८० पैसे आले. हे साफ चूक आहे, कारण १८ टक्के मालाच्या मूळ किमतीवर असतात आणि २,३६० मध्ये टॅक्स आधीच मिसळलेला आहे. मूळ १०० ची वस्तू टॅक्ससकट ११८ ची होते, म्हणून ११८ मधले १८ टॅक्सचे:

```
2360 × 18 ÷ 118 = 360
2360 − 360 = 2000
```

म्हणजे टॅक्सेबल २,०००, आणि टॅक्स निम्मा-निम्मा, केंद्राचा सीजीएसटी १८०, राज्याचा एसजीएसटी १८०. ५ टक्क्यांचा माल असेल तर ५ ने गुणा आणि १०५ ने भागा. बरोबर आलं का हे ओळखायची खूण सोपी आहे, निघालेल्या मूळ किमतीवर रेट लावून बघा, बेरीज परत गिऱ्हाइकाने दिलेल्या रकमेएवढी आली पाहिजे. माझ्या चुकीच्या पद्धतीत मूळ किंमत १,९३५.२० यायची आणि त्यावर १८ टक्के लावले की २,२८३ च्या आसपास थांबायचं, गल्ल्यात २,३६० आणि बिलात भलतंच, आणि तीन महिन्यांची असली बिलं मी रात्री बसून एकेक काढून तपासली.

यातच दुसरा घोळ डिस्काउंटचा. गिऱ्हाइकाने घासाघीस करून तो पंखा २,३०० ला नेला. बरेच जण बिल २,३६० चंच करतात आणि खाली पेनने "६० कमी" लिहितात. असं अजिबात करू नका, कारण कागदावर टॅक्स ३६० च राहिला, तो तुम्हाला भरावा लागणार. बिल करायच्या आधीच शेवटचा भाव पक्का करा आणि २,३०० वरूनच उलटं काढा: टॅक्सेबल १,९४९.१५, सीजीएसटी १७५.४२, एसजीएसटी १७५.४२, बेरीज २,२९९.९९, राहिलेला एक पैसा राउंड ऑफ मध्ये. डिस्काउंट दाखवायचाच असेल तर तो टॅक्सेबल किमतीच्या वर, टॅक्स लागायच्या आधी वजा करून दाखवा. एका पंख्यात फरक ९ रुपयांचा, पण महिन्याला शंभर बिलांवर असं झालं की स्वतःच्या खिशातले ९०० रुपये गेले.

माल दुसऱ्या राज्यात पोचवला तर सीजीएसटी-एसजीएसटी नाही, पूर्ण १८ टक्के आयजीएसटी. कोल्हापूरच्या दुकानातून बेळगावच्या पार्टीला माल पाठवला की आयजीएसटी. चुकून सीजीएसटी-एसजीएसटी भरलात तर बरोबरचा टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि चुकीचा परत मागत बसावं लागतं.

आता हिशोब. एक रजिस्टर किंवा एक्सेल शीट, रकाने असे: तारीख, बिल नंबर, पार्टीचा जीएसटी नंबर, टॅक्सेबल, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी, एकूण. जीएसटी नंबरवाल्या पार्ट्या एका पानावर आणि किरकोळ गिऱ्हाइकं दुसऱ्या पानावर ठेवा, कारण रिटर्नमध्ये पहिल्यांची एकेक बिलं भरायची असतात आणि किरकोळची बहुतेक वेळा नुसती बेरीज. माल परत आला तर जुनं बिल खोडायचं नाही, क्रेडिट नोट करायची आणि ती वजा म्हणून लिहायची. रोज रात्री दहा मिनिटं, "रविवारी बसून लिहू" म्हणणाऱ्यांचं रजिस्टर मी कधी पूर्ण झालेलं बघितलं नाही.

आणि टॅक्सचे पैसे वेगळे ठेवा, खरंच वेगळ्या बँक खात्यात. समजा महिन्यात २,३०,००० चा माल विकला, त्यावर टॅक्स ४१,४०० गोळा झाला, आणि १,८५,००० ची खरेदी केली ज्यावर ३३,३०० टॅक्स दिला, तर भरायचे ८,१००. पण ते ३३,३०० तेव्हाच वजा होतात जेव्हा तुमच्या होलसेलरने ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये टाकलंय आणि ते पोर्टलवर तुमच्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या यादीत दिसतंय. २बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो, त्या दिवशी खरेदीच्या बिलांशी एकेक टिक करा, एखादं बिल दिसत नसेल तर लगेच होलसेलरला फोन करा आणि त्याने टाकेपर्यंत त्याचं क्रेडिट धरू नका.

उधारीचं तर विशेष सांभाळा. टॅक्स बिलाच्या तारखेला लागू होतो, पैसे कधी येतात याच्याशी त्याचा संबंध नाही. मी एका कॉन्ट्रॅक्टरला ४७,२०० ची वायर उधार दिली, त्यातले ७,२०० टॅक्सचे, आणि त्याचे पैसे चार महिन्यांनी आले, तोपर्यंत टॅक्स मी माझ्या पैशातून भरला, आणि उशीर केला असता तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. तेव्हापासून मोठ्या उधारीच्या पार्टीकडून टॅक्सची रक्कम तरी माल नेतानाच घेतो.

तिमाही रिटर्न निवडलं म्हणून तीन महिने निवांत बसू नका, रिटर्न तीन महिन्यांनी पण टॅक्स दर महिन्याला, तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा. तिसऱ्या महिन्याचा जीएसटीआर-३बी या टॅक्स भरायच्या रिटर्नबरोबर जातो, महाराष्ट्रातल्या दुकानदारांना त्याची तारीख २२.