मीडिया किटमध्ये आधी शहराचा आकडा
मीडिया किट म्हणजे जाहिरातीचं काम मिळवण्यासाठी दाखवायचं तुमच्या अकाउंटच्या आकड्यांचं पान. स्थानिक दुकानदाराला तुमच्या एकूण फॉलोअरांशी फारसं देणंघेणं नसतं. त्यातले किती जण त्याच्या दारापर्यंत येऊ शकतात, ते त्याला हवं असतं. म्हणून पानावर सगळ्यात वर शहराचा आकडा घ्या. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल अकाउंटला इनसाइट्समध्ये फॉलोअरांची शहरवार टक्केवारी दिसते. समजा 6,000 फॉलोअर, त्यातले 45 टक्के तुमच्या शहरातले, तर मोठ्या अक्षरात लिहा: ‘शहरातले सुमारे 2,700’. त्याखाली शेवटच्या 10 रील्सची पोहोच. इथे सरासरी नको, एकच रील व्हायरल झाली तरी ती फुगते. आकडे चढत्या क्रमाने लावून पाचव्या-सहाव्याच्या मधला घ्या. आकडे कधीचे तेही लिहा. समोरच्याने तिथल्या तिथे ‘मोबाइलवर दाखवा’ म्हटलं, की जुन्या आकड्यांची पंचाईत होते.