दुपारी ट्रिप होणारा चिलर

गोकुळ शिरगावच्या आमच्या मोल्डिंग युनिटमधला पाणी थंड करणारा, ३० टन क्षमतेचा एअर-कूल्ड चिलर एप्रिलमध्ये दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप व्हायचा. सकाळी मात्र एकदम गुणी बाळ. गॅस भरून घ्या, असा सल्ला प्रत्येकाने दिला. मी आधी कंडेन्सर कॉइलच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. सावलीत ३८ अंश, तिथे ४६! वर पत्र्याचं छप्पर, बाजूला भिंत. पंख्याने फेकलेली गरम हवा फिरून परत कॉइलमध्येच शिरत होती.

३० टन हा आकडा ३५ अंशांच्या हवेचा. आमच्या पाण्याच्या तापमानाला ४६ अंशांवर कंपनीच्या तक्त्यात २६ टनच दिसत होते, वर कॉम्प्रेसरची वीज जास्त. आमचा लोड २८.

पत्रा काढला, कॉइल धुतली. कॉइलशी तापमान ४० वर आलं, ट्रिप थांबली. पण ४० लाही तक्त्यात जेमतेम २८ टन, शिल्लक काहीच नाही. म्हणून नवीन मशीन घेताना चौकशीतच लिहिलं: ४५ अंशांच्या हवेला, आमच्या पाण्याच्या तापमानाला ३० टन हवेत, आणि हाय प्रेशरवर ट्रिप न होता किती अंशांपर्यंत चालेल तेही कळवा. नुसते ‘३० टन’ लिहिणारी कोटेशनं बाजूला ठेवली.