गळका पोहरा आणि बदलतं बल: कार्य काढताना या चुका टाळा

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्याच्या भेगांतून पाणी भराभर निघूनही जातं. चैत्र-वैशाखात किनाऱ्यालगतच्या गावांत विहिरीचं पाणी खोल जातं आणि कप्पीवरून पोहरा ओढताना दोर संपता संपत नाही. बदलत्या बलाने केलेलं कार्य शिकायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. ओढणाऱ्याला बल कमी होत जाताना हातालाच कळतं, आणि या एका गणितात मुलांच्या जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका उघड्या पडतात.

गणित असं. विहिरीच्या काठापासून पाणी १० मीटर खोल आहे. रिकामा पोहरा २ किलोचा. पाण्यातून बाहेर येताना त्यात १० किलो पाणी असतं, पण तो गळका आहे. काठावर पोहोचेपर्यंत ४ किलो पाणी गळून जातं आणि ६ किलो उरतं. सुंभाचा दोर मीटरला ०.२ किलो भरतो. पोहरा सावकाश, एकसारख्या वेगाने ओढला आणि पाणी दर मीटरला सारखंच गळलं, तर ओढणाऱ्याने किती कार्य केलं? g साठी १० घेऊ आणि कप्पीचं घर्षण सोडून देऊ.

पहिली चूक कागदावर काही लिहायच्या आधीच होते. मुलं दोर विसरतात. वर येईल तसा लोंबणारा दोर आखूड होत जातो, म्हणजे दोराचं वजनही बदलतं आहे. पोहरा पाण्यापासून y मीटर वर आला की लोंबणारा दोर (10 − y) मीटर उरतो आणि पोहऱ्यातलं पाणी (10 − 0.4y) किलो. सगळं एकत्र केलं की:

```
F(y) = 10 × [2 + (10 − 0.4y) + 0.2(10 − y)]
     = 140 − 6y
```

सुरुवातीला १४० न्यूटन, काठावर ८० न्यूटन. आता F आणि y चा आलेख काढला तर डावीकडून उजवीकडे उतरणारी सरळ रेषा मिळते, आणि त्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजेच केलेलं कार्य.

इथे घाईने उत्तर काढणारे १४० ला १० ने गुणून १४०० जूल लिहितात, किंवा शेवटचं बल घेऊन ८०० जूल. W = Fs हे सूत्र डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की ते फक्त स्थिर बलासाठी आहे हे लक्षातच येत नाही. पण ही दोन चुकीची उत्तरं फेकून देऊ नका, ती कुंपणासारखी वापरा. बल कायम १४० असतं तर कार्य १४०० झालं असतं आणि कायम ८० असतं तर ८००. खरं बल या दोहोंच्या मधलं आहे, म्हणून खरं उत्तर ८०० आणि १४०० च्या मध्येच पडायला हवं. तुमचं उत्तर या कुंपणाबाहेर गेलं असेल तर पुढे जाऊ नका.

त्रिकोणाची चूक

सगळ्यांत जास्त मार्क इथे जातात. आलेखावर तिरकी रेषा दिसली की हात आपोआप अर्धा × पाया × उंची लिहितो. या आलेखात बलाचा अक्ष बहुतेक वेळा शून्यापासून काढलेलाच नसतो. जागा वाचवायला तो ८० पासून सुरू केलेला असतो, आणि मग चित्रात खरोखरच त्रिकोण दिसतो. त्याचं क्षेत्रफळ १० × ६० च्या निम्मं, म्हणजे ३०० जूल. कुंपण आठवा: ३०० हे ८०० पेक्षा कमी आहे, म्हणजे काहीतरी राहिलं. राहिलेला भाग म्हणजे त्रिकोणाखालचा, कागदावर न दिसणारा आयत: ८० × १० = ८०० जूल. दोन्ही मिळून ११००.

म्हणून आलेख समोर आला की आधी उभ्या अक्षाचा सगळ्यांत खालचा आकडा वाचा. तो शून्य नसेल तर पेन्सिलीने अक्ष शून्यापर्यंत खाली वाढवा. क्षेत्रफळ रेषेपासून बलाच्या शून्यापर्यंत मोजायचं असतं, कागदाच्या खालच्या कडेपर्यंत नाही. तसं केलं की आकृती समलंब चौकोन होते आणि उत्तर सरळ येतं:

```
W = (140 + 80)/2 × 10 = 1100 J
```

आलेख कागदावर चौकोन मोजून काढणाऱ्यांची वेगळी अडचण असते. समजा उभा १ सेंटीमीटर म्हणजे २० न्यूटन आणि आडवा १ सेंटीमीटर म्हणजे २ मीटर. आपल्या समलंब चौकोनाची रुंदी ५ सेंटीमीटर, बाजू ७ आणि ४ सेंटीमीटर, क्षेत्रफळ २७.५ चौरस सेंटीमीटर. बरेच जण २७.५ जूल लिहून मोकळे होतात. एका चौरस सेंटीमीटरची किंमत २० × २ = ४० जूल आहे. २७.५ × ४० केलं की पुन्हा ११००.

इंटिग्रेशनमध्ये चिन्ह उलटं का येतं

y खालून वर मोजला तर काहीच गडबड नाही:

```
W = ∫(140 − 6y) dy,  y = 0 ते 10
  = 140×10 − 3×100 = 1100 J
```

पण काठावर उभा असलेला माणूस अंतर वरून खाली मोजतो, आणि ते स्वाभाविकच आहे. काठापासूनची खोली x धरली तर बल 80 + 6x होतं, आणि पोहरा x = 10 पासून x = 0 कडे येतो. या मर्यादा तशाच टाकल्या की उत्तर −११०० येतं. मग कोणी वजा चिन्ह खोडतो, कोणी तसंच ठेवून ‘गुरुत्वाविरुद्ध कार्य ऋण असतं’ असं काहीतरी लिहितो. खरं कारण साधं आहे. x खाली वाढतो, पण आपलं बल वर आहे. x च्या दिशेने पाहिलं तर बलच −(80 + 6x) आहे. ते चिन्ह आधी घातलं की मर्यादांचं चिन्ह त्याला कापतं आणि +११०० मिळतं. इंटिग्रेशनला बसण्यापूर्वी एक बाण काढा, त्यावर अक्षाची धन दिशा लिहा, आणि बल त्या दिशेला आहे की उलट ते ठरवा. शेवटी चिन्ह खोडायची वेळ येणार नाही.

ऋण कार्य खरोखर कुठे होतं तेही याच विहिरीत दिसतं. रिकामा पोहरा सावकाश खाली सोडताना हात दोराला वर धरून असतो आणि पोहरा खाली जातो. तेव्हा बल 20 + 2x, आणि हाताने केलेलं कार्य −(२०० + १००) = −३०० जूल. आलेखात हा भाग अक्षाच्या खाली येतो, आणि तो बेरजेत वजा म्हणूनच धरायचा.

आता सोडणं आणि ओढणं दोन्ही मिळून: ११०० − ३०० = ८०० जूल. हे ताडून पाहता येतं. पोहरा आणि दोर होते तिथेच परत आले, म्हणजे सगळी ऊर्जा पाण्यात गेली. काठावर आलेल्या ६ किलो पाण्याला ६ × १० × १० = ६०० जूल. गळालेलं ४ किलो पाणी वाटेत वेगवेगळ्या उंचीवरून पडलं, सरासरी ५ मीटरवरून, म्हणून ४ × १० × ५ = २०० जूल. बेरीज ८००. आलेखाला हात न लावता तेच उत्तर आलं, म्हणून मी ही पडताळणी कधी सोडत नाही.

वेळ आणि अंतर यांची गल्लत

सर्वांत खोल चूक ही. प्रत्यक्षात पोहरा मीटरप्रमाणे गळत नाही, सेकंदाप्रमाणे गळतो. समजा तो सेकंदाला ०.१ किलो गळतो आणि ओढायला ४० सेकंद लागतात. एकूण गळती तीच, ४ किलो. पण ओढणाऱ्याने पहिले ६ मीटर १० सेकंदांत ओढले आणि मग दमून उरलेले ४ मीटर ३० सेकंदांत. सुरुवातीचं बल १४० आणि शेवटचं ८०, दोन्ही आधीसारखीच. म्हणून मुलं सरासरी ११० घेऊन पुन्हा ११०० लिहितात.

पहिल्या ६ मीटरमध्ये फक्त १ किलो पाणी गळालं. तिथे पोहरा २, पाणी ९ आणि दोर ०.८ किलो, म्हणजे बल ११८ न्यूटन. आलेख आता दोन तुकड्यांचा झाला:

```
पहिले 6 मीटर: (140 + 118)/2 × 6 = 774 J
पुढचे 4 मीटर: (118 + 80)/2 × 4 = 396 J
एकूण: 1170 J
```

७० जूल जास्त, कारण बरंचसं पाणी वर नेऊन मग सांडलं. ऊर्जेने ताडून पाहा: ६००, शिवाय १ × १० × ३ = ३० आणि ३ × १० × ८ = २४०, एकूण ८७०. आणि ११७० − ३०० देखील ८७०. दोन टोकांची सरासरी फक्त तेव्हाच चालते जेव्हा बल विस्थापनाबरोबर सरळ रेषेत बदलतं.

याच ठिकाणी काही जण बल आणि वेळ यांचा आलेख काढून त्याखालचं क्षेत्रफळ घेतात. ते १२९ × १० आणि ९९ × ३० मिळून ४२६० येतं, पण त्याचं एकक न्यूटन-सेकंद आहे. तो आवेग झाला, कार्य नाही. गळतीचा दर वेळेत दिला असेल तर आधी वेगाच्या मदतीने प्रत्येक उंचीवर किती पाणी उरलं ते काढा आणि मगच आलेख मांडा.

वेग मध्येच बदलला तर बल वजनाइतकंच कसं राहील, हा प्रश्न रास्त आहे. ०.६ मीटर प्रति सेकंद वेगाला १४ किलोची गतिज ऊर्जा सुमारे २.५ जूल होते. हजारभर जूलपुढे ती सोडून देता येते. झटक्याने ओढणाऱ्यासाठी मात्र हे गृहीतक चालणार नाही.

भोक पोहऱ्याच्या तळाला असेल तर आणखी एक गोष्ट घडते. पाणी जास्त असताना दाब जास्त, म्हणून गळती सुरुवातीला जोरात आणि नंतर मंद. एकसारख्या वेगाने ओढलं तरी आलेख वक्र होतो आणि दोन टोकं जोडणाऱ्या रेषेच्या खाली झुकतो. म्हणजे समलंब चौकोनाचं उत्तर थोडं जास्त ठरणार. पोहरा सरळ बाजूंचा आणि गळती पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरली, तर इंटिग्रेशनने सुमारे १०९१.५ जूल येतात. फरक एका टक्क्याच्याही आतला, त्यामुळे इथे सरळ रेषा धरली तरी बिघडत नाही. दमलेल्या ओढणाऱ्याच्या वेळी आलेख उलट, त्या रेषेच्या वर फुगला होता आणि तीच सरासरी ७० जूल कमी पडली होती. म्हणून सरासरी घेण्याआधी आलेखाच्या दोन टोकांवर पट्टी ठेवा आणि वक्र पट्टीच्या वर आहे की खाली ते पाहा. वर असेल तर सरासरीचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी येणार, खाली असेल तर जास्त.