मेन स्ट्रायकर जखमी झाल्यावर प्राइस किती हलवायची: नवीन पोरांसाठी अनुभव

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असेल आणि एखाद्याचा मेन खेळाडू बाहेर बसला की शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर मॅचआधीच निकाल लागलेला असतो, "संपलं, आज काय खरं नाही". मी मॅचच्या प्राइस काढायचं काम करतो. प्राइस म्हणजे जिंकायच्या शक्यतेचा उलटा आकडा, 50 टक्के असेल तर 2.00. या कामात नवीन आलेली पोरं पहिल्या दिवसापासून तेच कट्ट्यावरचं गणित करतात, म्हणून हे लिहितोय.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. घरच्या टीमचे अपेक्षित गोल 1.70, पाहुण्यांचे 1.10. साध्या पॉइसन पद्धतीनं घरची टीम जिंकायची शक्यता 51.4 टक्के येते, प्राइस 1.95. आता त्यांचा स्ट्रायकर बाहेर. पेनल्टी सोडून त्याचा स्वतःच्या शॉट्सचा एक्सजी, म्हणजे त्या शॉट्समधनं अपेक्षित गोल, दर 90 मिनिटांना 0.60 आहे. नवीन पोरगा काय करतो, 1.70 मधनं सरळ 0.60 उडवतो, राहिले 1.10, दोन्ही टीम सारख्या झाल्या, शक्यता 35 टक्क्यांवर आणि प्राइस 2.82. हे चूक आहे, कारण त्याच्या जागी रिकामी खुर्ची खेळत नाही, बेंचवरचा कोणीतरी खेळतो आणि तो पण शॉट मारतोच की.

मग बेंचवरच्याचा आकडा काढायचा, आणि इथं जरा सावकाश जायचं. समजा तो 400 मिनिटं खेळलाय आणि दर 90 ला 0.54 दिसतंय. वाटेल की फरक फक्त 0.06 चा, काही बिघडत नाही. पण ही मिनिटं कुठली ते बघा: बहुतेक शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत उतरून, समोरचे डिफेंडर दमलेले आणि मॅच मोकळी झालेली असताना. शिवाय 400 मिनिटं म्हणजे फार काही नाही. म्हणून मी त्याला त्या लीगमधल्या साधारण बेंच फॉरवर्डकडे ओढतो. तो साधारण आकडा 0.28 धरला आणि त्याला 1000 मिनिटांचं वजन दिलं (हे वजन माझ्या अंदाजाचं, तुम्ही जुन्या सीझनवर तपासून ठरवा), तर

```
(400*0.54 + 1000*0.28) / 1400 = 0.35
```

म्हणजे खरा फरक 0.60 वजा 0.35, 0.25 गोल. आणि हा पण थोडा जास्तच असणार, कारण मेन माणूस नसला की विंगर नि मिडफिल्डर जास्त शॉट घेतात.

आता सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट, मिनिटं. 1.70 हा आकडा आला कुठनं? मागच्या मॅचेसवरनं. त्या मॅचेसमध्ये हा गडी कधी सस्पेंड होता, कधी 65 व्या मिनिटाला बाहेर आला, सरासरी काढली तर समजा 90 पैकी 63 मिनिटं खेळलाय. म्हणजे त्याच्याशिवायची 27 मिनिटं 1.70 मध्ये आधीच आहेत, ती परत कापायची नाहीत. आज गमावतोय ती 63 मिनिटंच.

```
0.25 * 63/90 = 0.175
1.70 - 0.175 = 1.525
```

शक्यता 47.1 टक्के, प्राइस 2.12. 1.95 वरनं 2.12, आणि कट्ट्यावरच्या गणितानं 2.82. केवढा फरक पडतो बघा! उलट बाजूनं पण हेच, तो फिट असून 80 मिनिटं खेळणार हे पक्कं असेल तर 17 मिनिटं जास्तीची, आकडा जरा वर न्यायचा, साधारण 1.75.

ही 63 मिनिटं कायमची नाहीत हे पण लक्षात घ्या. 22 सप्टेंबर 2024 ला आर्सेनलविरुद्ध मॅन सिटीचा मिडफिल्डर रोड्री, त्याच्या गुडघ्याचं एसीएल गेलं, तेव्हा सिटीच्या पुढच्या मॅचला रेटिंगमध्ये, म्हणजे मागच्या मॅचेसवरनं काढलेल्या टीमच्या आकड्यात, तो जवळजवळ पूर्ण होता. पण जसजशा त्याच्याशिवायच्या मॅचेस रेटिंगमध्ये शिरतात तसतशी त्याच्या नावावरची मिनिटं आपोआप कमी होतात, आणि तुम्ही तेवढंच कापत राहिलात तर एकच नुकसान दोनदा मोजताय. हे ओळखायचं कसं? दुखापतीनंतरच्या मॅचेस ओळीनं मांडायच्या, टीम तुमच्या अंदाजापेक्षा बऱ्याच मॅचेस सारखा जास्त एक्सजी काढत असेल तर तुम्ही जास्त कापताय. एकदोन मॅचेसवरनं मात्र काही ठरवू नका.

रोड्रीसारख्या माणसाला ही शॉटची पद्धत लागू पण होत नाही, त्याचं काम बॉल परत मिळवणं आणि खेळ धरून ठेवणं. तिथं तो असतानाचा आणि नसतानाचा टीमचा एक्सजी फरक बघावा लागतो, पण तो नसतो त्या बऱ्याच मॅचेस कप स्पर्धांतल्या हलक्या टीमविरुद्ध असतात, त्यामुळं प्रतिस्पर्ध्याचा हिशोब आधी काढून टाकायचा आणि उरलेल्या फरकावर पण निम्माच विश्वास ठेवायचा असं मी करतो.

टीम-शीट मॅचच्या साधारण तास-सव्वा तास आधी येते, तोपर्यंत दोन्ही प्राइस तयार ठेवा, तो असताना एक नि नसताना एक, आणि त्याच्या शेजारी बेंचवरच्या कोणाला धरलंय त्याचं नाव लिहा. शीटमध्ये भलताच माणूस आला तर 0.35 चा आकडा नव्यानं काढावा लागतो.