सॉफ्टनर चालू, तरी बॉयलरच्या नळ्यांना भोकं का? उसना मिलमधल्या या चुका टाळा

दोन हंगामांपूर्वी तुमसरकडच्या एका उसना राईस मिलमध्ये ऐन डिसेंबरात बॉयलर बंद पडला. धानाच्या तुसावर चालणारा, तासाला दोन टन वाफ देणारा स्मोक ट्यूब बॉयलर. स्मोक बॉक्समध्ये पाणी ठिबकत होतं. नळ्या बदलून पुरते दोन हंगामही झाले नव्हते. मालकाचं पहिलं वाक्य, "भाऊ, सॉफ्टनर तं रोज सुरू आहे ना!"

सॉफ्टनर खरंच व्यवस्थित चालू होता. कडकपणा तपासला तर नावापुरता. मग काढलेली नळी उन्हात नेऊन पाहिली. वरच्या ओळीतली, फीडचं पाणी आत येतं त्या बाजूची नळी होती. तिच्यावर हरभऱ्याएवढ्या तांबूस-तपकिरी गाठी होत्या. स्क्रू ड्रायव्हरने एक गाठ उचकली, आत काळी भुकटी निघाली आणि ती पुसल्यावर वाटीसारखा खोल खड्डा. आजूबाजूची नळी मात्र जवळपास कोरी. हे ऑक्सिजनचं काम. क्षार साचून नळी तापली असती तर ती फुगली असती, आम्लाने खाल्ली असती तर बरीचशी खरखरीत आणि पातळ झाली असती. गाठीखाली काळं असेल तर खड्डा अजून वाढतोय असं धरायचं. आत सगळं लालच असेल तर तो बहुधा जुना, थांबलेला.

सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो. पाण्यात विरघळलेल्या हवेला तो हातही लावत नाही. उलट क्षारांचा थर नसलेल्या स्वच्छ लोखंडापर्यंत ऑक्सिजन थेट पोचतो. खड्डा एकाच जागी खोल जात असल्यामुळे साडेतीन मिलिमीटरची नळी वजनाने फारशी हलकी न होताच आरपार होते.

पहिली चूक : गार पाणी बॉयलरला पाजणं

इथे उसना मिलची एक खास अडचण आहे. बहुतेक कारखान्यांत वाफेचं पाणी होऊन गरमागरम परत येतं. आपल्याकडे वाफ टाकीत थेट धानावर सोडतात, म्हणजे ती गेली ती गेलीच. परत येण्यासारखं फक्त ड्रायरच्या रेडिएटरचं कंडेन्सेट, आणि या मिलमध्ये तेही नालीत जात होतं. त्यामुळे जवळजवळ सगळं फीड बोअरवेलचं ताजं पाणी, ३०-३५ अंशांचं. त्यात लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ८५ अंशांवर तो सव्वादोनच्या आसपास येतो आणि पाणी उकळीला आलं की जवळपास संपतो. मोठ्या प्लांटमध्ये यासाठी डीएरेटर असतो. दोन टनी बॉयलरला तो सहसा परवडत नाही, म्हणून फीड टँकमध्ये वाफ सोडून पाणी ८५ ते ९० अंशांवर ठेवणं हाच आपला डीएरेटर.

मिलमध्ये वाफेची लाईन होती, पण व्हॉल्व्ह बंद. का, तर "वाफ वाया जाते." एक किलो वाफ साधारण अकरा-साडेअकरा लिटर पाणी ५० अंशांनी तापवते. ती उष्णता कुठे जात नाही, पाण्याबरोबर बॉयलरमध्येच परत येते. वाया जाते ती टाकीच्या उघड्या पत्र्यातून, तिथे इन्सुलेशन करा. मात्र झाकणावरचा वेंट बंद करू नका. निघालेला ऑक्सिजन बाहेर जायला तीच वाट आहे, वेंटमधून थोडी वाफ दिसत राहिली पाहिजे.

व्हॉल्व्ह बंद असण्याचं खरं कारण अटेंडंटने नंतर हळूच सांगितलं. पाणी गरम केलं की पंप खडखडायचा आणि प्रेशर सोडायचा. टाकी पंपाच्याच पातळीवर होती. गरम पाणी सक्शनमध्ये वाफाळतं, पंपाला पाणीच मिळत नाही. दोष पाण्याचा नाही, उंचीचा. टाकी लोखंडी स्टँडवर सुमारे तीन मीटर चढवली, सक्शन पाइप मोठा आणि आखूड केला, पंप गरम पाण्याचा आहे याची खात्री केली. खडखड थांबली.

दुसरी चूक : थर्मामीटर चुकीच्या जागी

एवढं करूनही पंधरा दिवसांनी फीडमध्ये ऑक्सिजन जास्तच दिसत होता. टाकीवरचा काटा ८७ दाखवत होता. सक्शन पाइपला हात लावला, तर हात टिकत होता! (८७ अंशांच्या पाइपवर हात टिकणार नाही, हे सांगायला नको. तुम्ही तपासताना मात्र थर्मामीटरच वापरा.) फ्लोट व्हॉल्व्हचं गार पाणी अगदी सक्शनच्या तोंडावर पडत होतं आणि न मिसळता सरळ पंपात जात होतं. थर्मामीटर दुसऱ्या टोकाला, वाफेच्या नळीजवळ. मग गार पाणी दुसऱ्या टोकाला वरून फवारा होऊन पडेल असं केलं, वाफेची भोकांची नळी तळाशी आडवी टाकली आणि थर्मामीटर सक्शन पाइपवर बसवला. तुमच्याकडे काटा आणि अनुभव जुळत नसेल तर आधी हे पहा.

तिसरी चूक : मगाने सल्फाइट

गरम टाकी सगळा ऑक्सिजन काढत नाही. उरलेला सोडियम सल्फाइटने मारायचा. इथे रोज सकाळी एक मग, म्हणजे २५० ग्रॅम पावडर टाकीत जायची. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं प्रमाण. हिशेब करून पाहू. एक ग्रॅम ऑक्सिजनला सुमारे ८ ग्रॅम सल्फाइट लागतं. दहा तासांत २०,००० लिटर पाणी जातं, म्हणजे गार पाण्यातून १४० ग्रॅम ऑक्सिजन आणि त्याला ११२० ग्रॅम सल्फाइट. एक मग त्याच्या पाव भागालाही पुरत नव्हता. टाकी ८५ अंशांवर आल्यावर तेच काम साधारण ३५० ग्रॅममध्ये होतं. ब्लोडाऊनमध्ये जाणारं आणि पावडरची शुद्धता धरून साडेचारशे. गार पाण्यावर नुसतं सल्फाइट वाढवलं तरी चाललं असतं, पण टीडीएस वाढतो, ब्लोडाऊन वाढतो, आणि त्यात तूस जळतो.

शिवाय सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत संपतं. डोसिंग पंपाने दिवसभर थोडं थोडं, फीड टँकमध्येच द्या, म्हणजे बॉयलरपर्यंत जाताना प्रक्रियेला वेळ मिळतो. द्रावण रोज ताजं करा, झाकून ठेवा. उघड्या ड्रममध्ये ते हवेतलाच ऑक्सिजन खाऊन संपतं. कॅटॅलिस्टवालं सल्फाइट कॉस्टिक किंवा इतर केमिकलच्या ड्रममध्ये मिसळू नका, कॅटॅलिस्ट निकामी होतो. आणि कुणी हायड्रॅझिन सुचवलं तर सरळ नाही म्हणा. आपली वाफ लोकांच्या खाण्याच्या धानावर जाते आणि हायड्रॅझिन विषारी आहे.

डोस बरोबर आहे की नाही हे बॉयलरच्या पाण्यातल्या शिल्लक सल्फाइटवरून कळतं. ते ३० ते ५० मिलिग्रॅम प्रति लिटर राहू द्या. नमुना सॅम्पल कूलरमधून, गार करून, बाटली काठोकाठ भरून घ्या. बादलीत धो-धो घेतलेल्या गरम पाण्यात सल्फाइट तिथेच हवेशी लढून जातं, किट शून्य दाखवतं आणि लोक उगाच डोस वाढवतात.

पावसाळ्यातलं अर्धं पाणी

हंगाम संपल्यावर बॉयलर अर्धा भरून सोडणं सगळ्यात वाईट. पाण्याच्या रेषेवर महिनोन् महिने खड्डे पडत राहतात. महिनाभराचीच सुट्टी असेल तर पाणी उकळून हवा काढा आणि बॉयलर वरपर्यंत भरा. त्या पाण्यात सल्फाइट १०० ते २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीएच साडेदहाच्या आसपास ठेवा. चार महिन्यांची सुट्टी असेल तर पूर्ण रिकामा करा, गरम असतानाच सुकवा, ट्रेमध्ये कळीचा चुना ठेवून सगळे दरवाजे बंद करा. चुना दर महिन्याला पहा, फुटून भुकटी झाला की बदला. आणि पेटवण्याआधी सगळे ट्रे मोजून बाहेर काढा, एक आत राहिल्याचं मी पाहिलंय.