मुदत ठेवीवरचा टीडीएस 26एएसशी जुळवून पाहा

बँकेच्या वार्षिक व्याज विवरणात व्याज 80,000 आणि टीडीएस 8,000 रुपये दिसतो, पण तुमच्या नावावर जमा कर दाखवणाऱ्या आयकर विभागाच्या 26एएस विवरणात 6,000च? मग बेरीज सोडा आणि बँकेच्या नावाखालच्या नोंदी तारखेनुसार पाहा. बहुतेकदा जानेवारी ते मार्चची कपात गायब असते, कारण त्या तिमाहीचं विवरणपत्र भरायला बँकेला 31 मेपर्यंत मुदत असते. म्हणून रिटर्नची घाई करू नका, जूनच्या मध्यावर 26एएस पुन्हा उतरवून घ्या.

तरीही 2,000 आले नाहीत, तर त्या ठेवीला जोडलेला पॅन तपासा. एक अक्षर चुकलं तरी कपात तुमच्या खात्यावर चढत नाही. दुरुस्ती बँकेनेच सुधारित विवरणपत्र भरून करायची असते, त्यामुळे शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.